लाभांशावरून शेअरचं मूल्य: गॉर्डन, दोन टप्पे की एच-मॉडेल?

कंपनी एकच, लाभांश एकच, गुंतवणूकदाराला हवा असलेला परतावाही एकच. तरी डिव्हिडंड डिस्काउंट मॉडेलमधून एकजण ७० हे उत्तर काढतो, दुसरा १०० आणि तिसरा १६७. गणित तिघांचंही बरोबर असू शकतं. प्रत्येकाने मॉडेलचा वेगळा प्रकार वापरलेला असतो, आणि प्रत्येक प्रकारात एक न लिहिलेलं गृहीतक दडलेलं असतं. कुठला प्रकार घ्यावा हे ठरवायचं असेल तर ते गृहीतक आपल्या कंपनीला लागू पडतं का, एवढं आधी पाहायला हवं.

मूळ कल्पना तिन्हीकडे सारखीच. शेअर हातात असेपर्यंत कंपनीकडून मिळतो तो लाभांश, आणि विकताना मिळणारी किंमत म्हणजे पुढच्या मालकाला दिसणारे लाभांश. म्हणून आजचं मूल्य म्हणजे पुढच्या सगळ्या लाभांशांची, हव्या असलेल्या परताव्याने डिस्काउंट करून, म्हणजे आजच्या किमतीत आणून, काढलेली बेरीज. जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये हे नीट मांडलं. अडचण ‘सगळ्या’ या शब्दात आहे. अनंत वर्षांचे लाभांश कोणी एकेक लिहून काढत नाही, त्यामुळे वाढीला काहीतरी आकार द्यावा लागतो. गॉर्डनचं मॉडेल तिला सपाट धरतं, दोन टप्प्यांचं मॉडेल पायरीसारखी धरतं आणि एच-मॉडेल उतारासारखी.

तिन्ही एकाच उदाहरणावर चालवून पाहू. चलन कुठलंही धरा. कंपनीने नुकताच वर्षाचा ४ लाभांश दिला आहे. प्रति शेअर कमाई १३.३३ आहे, म्हणजे ती कमाईच्या ३० टक्के वाटते. लाभांश सध्या वर्षाला १४ टक्क्यांनी वाढतोय, पण तो वेग ओसरून शेवटी ५ टक्क्यांवर स्थिरावेल असा आपला अंदाज आहे. या जोखमीसाठी आपल्याला ११ टक्के परतावा हवा आहे. हे सगळे दर महागाई धरून आहेत. परतावा महागाईसह आणि वाढ महागाई वगळून, अशी सरमिसळ झाली की दोन दरांतलं अंतर उगाच रुंदावतं आणि शेअर महाग वाटू लागतो.

गॉर्डन: वाढ कायम सारखी

```
P = D1 / (r - g)        D1 = D0 × (1 + g)
```

P म्हणजे आजचं मूल्य, D0 नुकताच मिळालेला लाभांश, D1 पुढच्या वर्षीचा, r हवा असलेला परतावा आणि g वाढ. वाढ ५ टक्के धरली तर पुढच्या वर्षीचा लाभांश ४.२० होतो. त्याला ११ वजा ५, म्हणजे ०.०६ ने भागलं की ७० येतात. पहिली ठेच अंशातच लागते. तिथे नुकताच मिळालेला ४ घालायचा नसतो, पुढचा ४.२० घालायचा असतो. ४ घातला तर उत्तर ६६.७ वर येतं. चूक छोटी दिसते म्हणूनच ती स्प्रेडशीटमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहते.

या ७० चा अर्थ असा की कंपनीची आजची १४ टक्क्यांची वाढ उद्या सकाळपासून ५ टक्क्यांवर आली. ते खरं नाही म्हणून कोणी सूत्रात १४ घातले, तर छेद उणे होतो आणि शेअरचं मूल्य उणे १५२ निघतं. हे उत्तर निदान उघड वेडगळ आहे, कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. खरा धोका आहे तो मधला रस्ता काढण्यात. १४ आणि ५ यांची सरासरी साडेनऊ, तीच घालू या, असं म्हटलं की ४.३८ भागिले ०.०१५ म्हणजे २९२ येतात. उत्तर अधिक चिन्हाचं आहे, दिसायला गंभीर आहे आणि पूर्ण चुकीचं आहे. कारण सूत्राला ‘काही वर्षं’ हा प्रकार माहीतच नाही. त्याच्या लेखी साडेनऊ टक्के म्हणजे अनंतकाळ साडेनऊ टक्के. इतका काळ अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेहून मोठी झाली पाहिजे. म्हणून कायमच्या वाढीची वरची मर्यादा म्हणजे अर्थव्यवस्थेची महागाईसह दीर्घकालीन वाढ. परतावा आणि वाढ यांतलं अंतर दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेलं की उत्तर कंपनीबद्दल बोलायचं थांबतं आणि छेदाबद्दल बोलू लागतं.

तरीही गॉर्डन टाकाऊ नाही. ज्या कंपनीची वाढ आधीच स्थिर झाली आहे आणि जी दरवर्षी कमाईचा साधारण तेवढाच भाग वाटते, तिथे याहून गुंतागुंतीचं काही करण्यात अर्थ नसतो. आपली कंपनी मात्र त्या अवस्थेला पोचलेली नाही.

दोन टप्पे: वेगाची वर्षं, मग पायरी उतरून स्थिर वाढ

इथे ठरावीक वर्षं वेगाची धरायची, त्यांचे लाभांश एकेक करून डिस्काउंट करायचे आणि त्यापुढच्या सगळ्या काळासाठी गॉर्डनचं सूत्र वापरून अंतिम मूल्य काढायचं. वेगाची ५ वर्षं धरली तर पहिला टप्पा असा दिसतो:

| वर्ष | लाभांश | आजचं मूल्य |
|---|---|---|
| १ | ४.५६ | ४.११ |
| २ | ५.२० | ४.२२ |
| ३ | ५.९३ | ४.३३ |
| ४ | ६.७६ | ४.४५ |
| ५ | ७.७० | ४.५७ |

आजच्या मूल्याचा रकाना वर्षागणिक वाढताना दिसतो, कारण वाढ १४ आणि डिस्काउंट ११. ही चूक नव्हे. पाच वर्षांची बेरीज २१.६८ होते. सहाव्या वर्षी वाढ ५ टक्के, म्हणून लाभांश ८.०९, आणि त्याला ०.०६ ने भागून अंतिम मूल्य १३४.७८. ते आजवर आणलं की ७९.९८, आणि एकूण सुमारे १०१.७.

नेमकं इथेच एक वर्ष घसरतं. अंतिम मूल्य सहाव्या वर्षाच्या लाभांशातून काढलेलं असलं तरी ते पाचव्या वर्षाच्या शेवटी उभं असतं, कारण गॉर्डनचं सूत्र पुढच्या लाभांशावरून एक वर्ष आधीची किंमत देतं. म्हणून डिस्काउंट पाच वर्षांचा. सहा वर्षांचा केला तर ७९.९८ चे ७२.०६ होतात आणि जवळजवळ ८ कारण नसताना गायब होतात. शीट तपासायची सोपी युक्ती आहे. पहिल्या टप्प्यातली वाढही ५ टक्के करून पाहा. उत्तर बरोबर ७० यायला हवं. नाही आलं, तर वर्ष कुठेतरी सरकलंय.

एकूण मूल्याचा सुमारे ७९ टक्के भाग अंतिम मूल्यातून येतोय हेही लक्षात घ्या. पहिल्या पाच वर्षांचे आकडे दोन दशांशांपर्यंत घासूनपुसून घेण्यात लोक तास घालवतात आणि चार-पंचमांश मूल्य ठरवणाऱ्या त्या एका ओळीकडे बघतही नाहीत.

एच-मॉडेल: वाढ हळूहळू उतरते

पायरीवर साधा आक्षेप असा की पाचव्या वर्षी १४ आणि सहाव्या वर्षी ५, अशी वाढ सहसा कोसळत नाही. ती ओसरते. १९८४ मध्ये फुलर आणि शिया यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं:

```
P = D0 × [(1 + gL) + H × (gS - gL)] / (r - gL)
```

gS म्हणजे आजची वाढ, gL म्हणजे कायमची. H म्हणजे उताराच्या वर्षांच्या निम्मी वर्षं. वाढ १० वर्षांत १४ वरून ५ वर येणार असेल तर H = ५. शीटच्या एका खान्यात मावतं:

```
=4*(1.05+5*(0.14-0.05))/(0.11-0.05)
```

उत्तर १००. अंशातला १.०५ चा भाग वेगळा काढला तर त्यातून गॉर्डनचेच ७० येतात. उरलेले ३० म्हणजे ओसरत्या वेगाची किंमत. हे विभाजन दुसऱ्या कुठल्या प्रकारात इतकं स्वच्छ दिसत नाही, आणि एच-मॉडेल आवडण्याचं खरं कारण हेच.

सूत्र अदमासाचं आहे, अचूक नाही. किती अदमासाचं ते पाहायचं तर वाढ १४, १३, १२ असं एकेक टक्का उतरवत दहाव्या वर्षी ५ वर आणा आणि दरवर्षीचा लाभांश लिहून बेरीज करा. १००.९ येतात. एका ओळीच्या सूत्रात एक टक्क्याहून कमी फरक, म्हणजे तक्रारीला जागा नाही. उतार फार लांब असेल किंवा सुरुवातीची वाढ फारच जास्त असेल, तर हा फरक रुंदावतो. तेव्हा वर्षं लिहून काढलेली बरी.

दोन टप्प्यांचे १०१.७ आणि एच-मॉडेलचे १०० इतके जवळ आले ते योगायोगाने नाही. दहा वर्षांचा उतार आणि पाच वर्षांची पायरी यांत जादा वाढ जवळपास सारखीच भरते. म्हणूनच इथली सगळ्यात महागडी गफलत शब्दांची असते. ‘पुढची दहा वर्षं चांगली वाढ राहील’ हे वाक्य ऐकून एकजण एच-मॉडेलमध्ये दहा वर्षांचा उतार धरतो आणि १०० काढतो. दुसरा दोन टप्प्यांत पूर्ण दहा वर्षं १४ टक्के धरतो आणि सुमारे १३८ काढतो. दोघांनाही वाटतं, आपण एकाच अंदाजावर काम करतोय. तिसरा H मध्ये ५ ऐवजी थेट १० घालतो, आणि त्याचं उत्तर १३० येतं.

जिथे खरा निकाल लागतो: वाटपाचं प्रमाण

इथपर्यंत पायरी की उतार हा वाद दोन-चार टक्क्यांचाच आहे. मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती वरच्या तिन्ही उत्तरांत चुकली आहे.

आपली कंपनी ३० टक्के वाटते आणि ७० टक्के ठेवून घेते. ठेवून घेतलेल्या पैशावर ती २० टक्के कमावते, म्हणून वाढ ०.७० गुणिले २० म्हणजे १४ टक्के. हे जुळतं. आता स्थिर काळाकडे बघा. आपण वाढ ५ वर आणली, पण लाभांश आजच्याच प्रमाणात पुढे ढकलत गेलो. म्हणजे कंपनी तेव्हाही ७० टक्के ठेवून घेते आणि तरी फक्त ५ टक्क्यांनी वाढते. ५ भागिले ०.७०, म्हणजे नव्या पैशावर ती ७.१ टक्के कमावते. भागधारकाला ११ हवेत आणि कंपनी त्याचा पैसा अडवून कायम ७.१ कमावते! कोणीही मुद्दाम असं गृहीत धरणार नाही. सूत्र मात्र न विचारता धरून बसतं.

लक्षण ओळखायला सोपं आहे. दोन टप्प्यांच्या हिशेबात पाचव्या वर्षाचं अंतिम मूल्य १३४.७८ आलं होतं. त्याच वर्षीची प्रति शेअर कमाई १३.३३ वरून १४ टक्क्यांनी वाढत २५.६७ झालेली असते. भागाकार केला तर किंमत कमाईच्या सव्वापाच पट. चांगल्या, स्थिर कंपनीला इतका कमी गुणक लागत असेल तर सहसा वाटपाचं प्रमाण विसरलेलं असतं.

दुरुस्ती अशी. स्थिर काळात स्पर्धेमुळे नव्या गुंतवणुकीवरचा परतावा ११ टक्क्यांवर, म्हणजे भागधारकाला हव्या असलेल्या परताव्याइतकाच, येईल असं सावधपणे धरा. ५ टक्के वाढीसाठी मग कमाईतले ५ भागिले ११, म्हणजे ४५.५ टक्केच ठेवून घ्यावे लागतात. उरलेले ५४.५ टक्के वाटता येतात. सहाव्या वर्षीची कमाई २६.९६, तिचा ५४.५ टक्के लाभांश म्हणजे १४.७०. अंतिम मूल्य २४५, आजचं १४५.४, आणि पहिल्या पाच वर्षांचे २१.७ मिळवून एकूण १६७.

१०१.७ वरून १६७. वाढीचा एकही आकडा न बदलता. तिसऱ्या माणसाचं उत्तर हे आहे. ते फुगवलेलं वाटत असेल तर गुणक पाहा, २४५ म्हणजे कमाईच्या साडेनऊ पट. उलट बाजूही मान्य करायला हवी. वाटप एका वर्षात ३० वरून ५४.५ वर उडी मारत नाही. बऱ्याच संचालक मंडळांना लाभांश हळूहळू वाढवायची सवय असते आणि काही जण पैसा साठवूनच ठेवतात. सहाव्या वर्षापासून वाटप चार-पाच वर्षांत सावकाश चढवलं तर उत्तर १६७ च्या खाली येतं. त्यासाठी शीटमध्ये कमाईचा एक रकाना, वाटपाच्या प्रमाणाचा एक, आणि त्यांच्या गुणाकारातून लाभांशाचा तिसरा, एवढंच लागतं.

दोन टप्प्यांच्या मॉडेलचा खरा फायदा हा आहे. त्यात वाटप बदलायला जागा आहे. एच-मॉडेलच्या सूत्रात आजचा लाभांश आहे आणि वाढीचे दर आहेत. वाटपाचा खानाच नाही. गॉर्डनमध्येही नाही.

मग कुठला घ्यायचा?

कंपनीची वाढ अर्थव्यवस्थेच्या आसपास आली असेल आणि वाटपाचं प्रमाण काही वर्षं जागचं हललेलं नसेल, तर गॉर्डन घ्या. वाढ अजून जास्त आहे, पण कंपनी आत्ताच कमाईचा मोठा भाग वाटते आणि पुढेही साधारण तेवढाच वाटेल, तर एच-मॉडेल पुरेसं आहे. आज थोडं वाटते आणि वय वाढल्यावर जास्त वाटेल अशी कंपनी असेल, तर दोन टप्पे, आणि तेही वाटपाचा रकाना घेऊनच. आपलं उदाहरण या शेवटच्या गटातलं आहे. ३० टक्के वाटणाऱ्या कंपनीवर एच-मॉडेल चालवून ‘शेअर महाग आहे’ म्हणणं हा त्या कंपनीवर अन्यायच.

जी कंपनी लाभांश देतच नाही किंवा बहुतेक पैसा शेअर पुनर्खरेदीतून परत देते, तिला यातला कुठलाच प्रकार सरळ लावू नये. तिथे भागधारकांसाठी उरणाऱ्या रोख प्रवाहावरून मूल्य काढणं योग्य. एखाद्या वर्षी दिलेला विशेष लाभांश आजच्या लाभांशात धरू नये, हेही ओघाने आलं.

प्रकार ठरला तरी दोन दरांबद्दलची अनिश्चितता उरतेच. एच-मॉडेलवर ती पटकन दिसते. हवा असलेला परतावा १० केला तर १०० चे १२० होतात, १२ केला तर ८६. कायमची वाढ ४ धरली तर ८८, ६ धरली तर ११७. दोन्ही दर एकदम अनुकूल बाजूला एक टक्का सरकवले तर १४६, प्रतिकूल बाजूला सरकवले तर ७७. एक टक्का इकडेतिकडे हा काही मोठा दावा नाही, कोणाच्याही अंदाजात तेवढी चूक सहज असते. म्हणून एकच आकडा सांगण्यापेक्षा हा पट्टा सांगणं प्रामाणिक. हवा असलेला परतावा मात्र शेअरच्या आजच्या भावातून उलटा काढून सूत्रात घालू नका. भाव घालून भावच बाहेर येतो आणि शेअर नेहमी ‘योग्य किमतीला’ दिसतो.

उलटं चालवायचंच असेल तर दर बाहेरून घ्या आणि काळ शोधा. समजा एच-मॉडेल जिला शोभतं अशा कंपनीचे आकडे वरच्याप्रमाणेच आहेत आणि बाजारभाव ९० आहे. सूत्रात P = ९० घालून H सोडवला की ३.३३ येतो, म्हणजे उतार सुमारे ६.७ वर्षांचा. बाजार धरून चाललाय की जादा वाढ सातेक वर्षांत संपेल. आपल्याला दहा वर्षं वाटत असतील, तर ‘स्वस्त की महाग’ यापेक्षा हा प्रश्न जास्त हाताळण्याजोगा आहे: या कंपनीची आघाडी सात वर्षं टिकेल की दहा? त्याचं उत्तर तिच्या धंद्यात शोधता येतं.

एक शेवटची दुरुस्ती राहते. ही सगळी सूत्रं पुढचा लाभांश आजपासून बरोबर एका वर्षाने येणार असं धरतात. मागचा लाभांश नऊ महिन्यांपूर्वी मिळाला असेल आणि पुढचा तीन महिन्यांत येणार असेल, तर आलेल्या उत्तराला १.११ च्या ०.७५ घाताने गुणा. गुणक १.०८१ होतो, म्हणजे १०० चे १०८. लाभांश मिळाला की दुसऱ्या दिवसापासून हा गुणक पुन्हा १ वर येतो. त्यामुळे वर्षातून एकदा लाभांश देणाऱ्या शेअरचं मूल्य कुठल्या तारखेचं आहे, हे उत्तराशेजारी लिहून ठेवावं लागतं.